ऐकू येतं, पण कळत नाही

२६ ऑक्टोबर १९१८ची रात्र. फ्रान्समध्ये एन नदीच्या परिसरात अमेरिकेच्या १४२व्या पायदळ रेजिमेंटला आपल्या दोन कंपन्या शुफिली गावातून काढून शार्देनीला आणायच्या होत्या. युद्धात पुढे जाण्यापेक्षा मागे येणं अवघड. माघारीची कुणकुण शत्रूला लागली की त्याच्या तोफा नेमक्या त्याच रस्त्यावर, नेमक्या त्याच वेळी आग ओकू लागतात. आदेश टेलिफोनवर द्यायचा तर तिथेच खरी गोम होती. जर्मन सैन्य नुकतंच या भागातून मागे सरकलं होतं आणि जाताना तारांची भेंडोळी तशीच टाकून गेलं होतं. अमेरिकनांनी कोणतीही तार जोडली तरी दुसऱ्या टोकाला कोणी कान लावून बसलेलं नाही, याची खात्री कोण देणार?

रेजिमेंटचा प्रमुख कर्नल ब्लूर याच्याकडे एक अख्खी कंपनी मूळ अमेरिकी, म्हणजे तेव्हाच्या बोलीत ‘इंडियन’, सैनिकांची होती. त्यांच्यात सगळ्या मिळून सव्वीस भाषा आणि बोली चालत. त्यातल्या चार-पाचच कधी कागदावर उतरल्या होत्या. ब्लूरने त्यातले चॉक्टॉ भाषेचे जवान निवडून एकेकाला टेलिफोनवर बसवलं. माघारीचा आदेश चॉक्टॉमधून गेला आणि दोन्ही कंपन्या सुखरूप मागे आल्या. पुढे पकडल्या गेलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याने कबुली दिली की तारेवरची ही भाषा ऐकून त्यांची मती गुंग झाली होती आणि चोरून ऐकण्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

यातली अडचण मात्र लवकरच पुढे आली. चॉक्टॉमध्ये मशिनगन, बटालियन, विषारी वायू यांना शब्दच नव्हते. मग तिथल्या तिथे शब्द जुळवले गेले. तोफखाना म्हणजे ‘मोठी बंदूक’, मशिनगन म्हणजे ‘भराभर मारणारी छोटी बंदूक’, आणि पहिली, दुसरी, तिसरी बटालियन म्हणजे मक्याचा एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे. ही गरजेपोटी केलेली तडजोड होती, पण तिच्यातून नकळत एक मोठी गोष्ट साधली. एखाद्याला चॉक्टॉ येत असतं, तरी ‘मक्याचे दोन दाणे’ कशासाठी निघालेत हे त्याला कळलं नसतं. भाषेचं कुलूप होतंच, त्याच्या आत संकेताचं दुसरं कुलूप बसलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलाने हीच दोन कुलपं ठरवून, शिस्तीत बसवली. कल्पना फिलिप जॉन्स्टन या लॉस एंजेलिसच्या इंजिनिअरची. मिशनऱ्याचा हा मुलगा नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीत लहानाचा मोठा झाला होता आणि ती भाषा बोलणाऱ्या मोजक्या परक्यांपैकी एक होता. १९४२च्या सुरुवातीला त्याने सॅन दिएगोजवळच्या कॅम्प इलियटमध्ये मेजर जनरल क्लेटन व्होगेल यांच्यापुढे प्रात्यक्षिक करून दाखवलं. तीन ओळींचा इंग्रजी निरोप नावाहोत सांगायचा, दुसऱ्या टोकाला तो परत इंग्रजीत उतरवायचा, या सगळ्याला वीसेक सेकंद लागले. त्या काळच्या संकेतयंत्राला एवढ्या कामासाठी अर्धा तास लागे. व्होगेलनी वरिष्ठांना पाठवलेल्या शिफारशीत आणखी एक मुद्दा होता: गेल्या वीस वर्षांत जर्मन विद्यार्थी अनेक जमातींत अभ्यासाच्या निमित्ताने राहून गेले होते, पण नावाहोंकडे ते पोहोचले नव्हते.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण भाषेची ‘अवघड’ म्हणून होणारी तारीफ इथे फारशी कामाची नाही. नावाहो अवघड आहे हे खरंच. स्वराच्या चढउताराने तिच्यात अर्थ बदलतो, क्रियापदाच्या एकाच रूपात आपलं अख्खं वाक्य मावतं, आणि काही ध्वनी परक्याला ऐकूनही नीट लिहून घेता येत नाहीत. पण चिकाटी असली की माणूस अवघड भाषाही शिकतो. खरा बचाव होता तो शत्रूकडे ती शिकायचं साधनच नसण्यात: व्याकरण नाही, शब्दकोश नाही, विद्यापीठात प्राध्यापक नाही, बंदरावर भेटणारा दुभाष्या नाही. मराठीच घ्या. कोट्यवधी लोक ती बोलतात आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून छापील आहे. मराठीतून लढाईचे आदेश दिले असते, तर कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात जाऊ शकणाऱ्या शत्रूने ते काही दिवसांत उलगडले असते. भाषा दुर्मिळ हवी, पण बोलणाऱ्यांची संख्या कमी एवढाच त्याचा अर्थ नाही. शत्रूच्या हाती तिचं काहीही लागलेलं नसणं हे जास्त महत्त्वाचं. नावाहो बोलणारे तर हजारोंनी होते, आणि मरीन दलाला पुरेसे जवान हवे असल्याने ते सोयीचंच होतं.

पहिली तुकडी एकोणतीस जणांची. मे १९४२ मध्ये ते भरती झाले आणि संकेतकोश त्यांनी स्वतःच रचला. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात वारंवार लागणाऱ्या लष्करी शब्दांसाठी ठरलेले नावाहो शब्द होते. लढाऊ विमान म्हणजे हमिंगबर्ड, बॉम्बफेकी विमान म्हणजे गिधाड, टेहळणीचं विमान म्हणजे घुबड. पाणबुडी म्हणजे ‘लोखंडी मासा’, युद्धनौका म्हणजे देवमासा. रणगाड्याला कासव, हातबॉम्बला बटाटे, विमानातून पडणाऱ्या बॉम्बला अंडी. आपल्याच घरातल्या, आपल्याच डोंगरातल्या गोष्टी निवडल्यामुळे पाठ करायला त्रास नव्हता. सुरुवातीला असे दोनशे अकरा शब्द होते, युद्ध संपेपर्यंत ते चारशे अकरावर गेले. कोशाची छापील प्रत शिकवणीच्या खोलीबाहेर न्यायची नाही असा दंडक होता. रणांगणावर सगळा कोश डोक्यात.

दुसरा भाग गावांची, माणसांची नावं कळवण्यासाठी. ती अक्षरं सुटी करून सांगावी लागत. पद्धत अशी: आधी एक नावाहो शब्द उच्चारायचा, ऐकणाऱ्याने त्याचं मनात इंग्रजी करायचं आणि त्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. ‘वो-ला-ची’ म्हणजे मुंगी, इंग्रजीत अँट, म्हणून अक्षर ए.

याचा सगळ्यात बोलका नमुना जपानच्या इवो जिमा बेटावरचा आहे. १९ फेब्रुवारी १९४५ला मरीन तिथे उतरले आणि २३ला सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर झेंडा लागला. ती बातमी बिनतारीवरून गेली तेव्हा डोंगराचं नाव सुटं करून सांगितलं गेलं ते असं: मेंढी, मामा-काका, एडका, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. अर्थात हे सगळं नावाहोत: दिबे, शिदा, दाह-नेस-त्सा, त्किन, शुश, वो-ला-ची, मोआसी, लीन, ये-हेस. ऐकणाऱ्याने मनात इंग्रजी केलं: शीप, अंकल, रॅम, आइस, बेअर, अँट, कॅट, हॉर्स, इच. पहिली अक्षरं ओळीने लावली की एस, यू, आर, आय, बी, ए, सी, एच, आय. झालं सुरिबाची.

यात ‘आय’ हे अक्षर दोनदा आलंय, पण पहिल्यांदा त्यासाठी बर्फ आहे आणि दुसऱ्यांदा खाज. हे मुद्दाम केलेलं आहे. एका अक्षराला कायम एकच शब्द ठेवला, तर नावाहोचं ओ की ठो न कळणाराही मोजदाद करून आत शिरू शकतो. इंग्रजीत ‘ई’ सर्वांत जास्त येतं हे त्याला ठाऊक असतं. मग सर्वांत जास्त ऐकू येणारा ध्वनी म्हणजे ‘ई’ असणार, असं धरून तो पुढे सरकतो. हे लक्षात आल्यावर कोश रचणाऱ्यांनी सर्वांत वापरातल्या सहा अक्षरांना आणखी दोन-दोन आणि त्याखालच्या सहांना आणखी एकेक पर्यायी शब्द दिला. सव्वीस अक्षरांसाठी एकूण चव्वेचाळीस शब्द झाले. कोणता पर्याय कधी वापरायचा हे बोलणाऱ्याच्या मर्जीवर.

इवो जिमावर पाचव्या मरीन डिव्हिजनचे सिग्नल अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर यांच्या हाताखाली पहिले अठ्ठेचाळीस तास नावाहोंची सहा बिनतारी जाळी चालू होती. त्या दोन दिवसांत आठशेहून जास्त निरोप गेले आणि आले, एकही चूक न होता. तोफा कुठे डागायच्या, कोणती तुकडी अडकली आहे, दारूगोळा कुठे पोहोचवायचा, असा मामला. अर्ध्या तासाने पोहोचलेला असा निरोप सांगितला काय, न सांगितला काय.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. १९४२ मध्ये ग्वादलकनालवर नावाहो पहिल्यांदा बिनतारीवर बोलले तेव्हा खुद्द अमेरिकी ऑपरेटरांचीच तारांबळ उडाली. त्यांना वाटलं, जपानी आपल्या लहरीवर घुसले. चेहऱ्यामोहऱ्यावरून जपानी समजून स्वपक्षाच्याच सैनिकांनी नावाहोंना पकडल्याचेही प्रसंग घडले. युरोपात १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या, कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या जवानांचंही असंच तंत्र होतं, पण ते मोजकेच होते. त्यांच्या कोशात बॉम्बफेक्या विमानाला ‘गाभण पक्षी’ म्हणत आणि हिटलरला ‘वेडा गोरा’.

जो कियूमिया याची गोष्ट या पद्धतीची ताकदही दाखवते आणि मर्यादाही. हा नावाहो सैनिक फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडला होता. संकेतकोशाचं शिक्षण त्याला कधीच मिळालेलं नव्हतं. जपान्यांना पुढे बिनतारीवरच्या भाषेचा अंदाज आला तेव्हा त्यांनी त्याला ते बोलणं ऐकवलं आणि अर्थ काढून घेण्यासाठी त्याचा अमानुष छळ केला. शब्द त्याला कळत होते. पण मेंढी, काका, एडका, बर्फ या रांगेतून काय समजायचं? त्याला खरोखरच सांगता आलं नाही. दुसरं कुलूप टिकलं.

पण तर्क पुढे न्या. आत्ताच जपान्यांकडे पहिल्या कुलपाची किल्ली होती: शब्द सांगू शकणारा माणूस. त्याच्याकडून ऐकलेले शेकडो निरोप लिहून घेतले असते आणि प्रत्येकाच्या शेजारी त्या वेळी रणांगणावर काय घडलं हे मांडलं असतं, तर ‘कासव’ म्हटल्यावर रणगाडे येतात हे दिसायला किती वेळ लागला असता? चारशे शब्दांचा, न बदलणारा कोश हा शेवटी कोशच. नावाहो संकेत ‘अभेद्य’ होता असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. तो फुटला नाही, हे खरं. पण न फुटणं वेगळं आणि फुटूच न शकणं वेगळं. तो फुटला नाही कारण शत्रूला शिकायला माणूस, साधनं आणि वेळ पुरला नाही. आणि वेळेचा हिशेब आघाडीवरच्या सेनापतीच्या बाजूने होता. ‘पंधरा मिनिटांनी अमुक टेकडीवर तोफा डागा’ हा निरोप शत्रूला तीन आठवड्यांनी कळला, तरी त्याचं आता काय वाकडं होणार?

काही निरोपांचं तसं नसतं. पुढच्या महिन्यातल्या मोहिमेचा बेत, शत्रूच्या प्रदेशात लपलेल्या माणसांची नावं, हे वर्षभराने फुटलं तरी जीव जातात. अशा वेळी लागते ती खरोखर अभेद्य पद्धत. ती अस्तित्वात आहे, गणिताने सिद्ध झालेली आहे आणि कागद-पेन्सिलीवर चालते. तिला वन-टाइम पॅड म्हणतात: एकदाच वापरायची किल्ल्यांची वही.

तिचं मूळ १९१७च्या सुमाराला सापडतं. अमेरिकेत गिल्बर्ट व्हर्नम या टेलिफोन कंपनीतल्या इंजिनिअरने तारायंत्राच्या संदेशात दुसऱ्या कागदी पट्टीवरची अक्षरं मिसळायची युक्ती काढली, आणि लष्करातल्या जोसेफ मॉबोर्नने तिला दोन अटी जोडल्या: पट्टीवरची अक्षरं पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही क्रमाचा मागमूस नसलेली हवीत, आणि ती पुन्हा कधीही वापरायची नाहीत. लवकरच जर्मन परराष्ट्र खात्याने हीच कल्पना आकड्यांच्या वहीत उतरवली.

एक छोटं उदाहरण सोडवून पाहू. दोन्ही ठाण्यांवर एकच कोश आहे असं धरा. त्यात ‘पहाटे’साठी ४१७२ आणि ‘हल्ला’साठी ३८०५ हे आकडे आहेत. दोघांकडे एकाच वहीच्या दोन प्रती आहेत आणि आजच्या पानावर पहिले दोन गट ९३८६ आणि ५५१४ असे आहेत. आता बेरीज करायची, पण हातचा न घेता. चार अधिक नऊ तेरा, त्यातले तीन लिहायचे, एक सोडून द्यायचा.

```
निरोप   ४१७२  ३८०५
वही     ९३८६  ५५१४
पाठवा   ३४५८  ८३१९
```

पलीकडचा ऑपरेटर तेच पान उघडून वजाबाकी करतो. तीनातून नऊ जात नाहीत, म्हणून तेरातून वजा करतो, चार येतात. असं करत त्याला ४१७२, ३८०५ मिळतात. कोशात पाहिलं की ‘पहाटे हल्ला’. मग दोघेही ते पान फाडून जाळतात. हातचा टाळण्याचं कारण साधं आहे: हातचा घेतला तर एका आकड्याची चूक शेजारच्या आकड्यात सरकते, आणि थंडीत कुडकुडत बसलेल्या ऑपरेटरच्या चुकाही वाढतात.

आता हवेतून ३४५८ ८३१९ पकडणाऱ्या शत्रूच्या जागी बसा. त्याच्याकडे आपला कोशसुद्धा आहे असं धरून चाला. तो म्हणतो, हा निरोप ‘रात्री माघार’ तर नाही ना? कोशात त्याचे आकडे २६०९ ७१४३ आहेत. हे खरं असेल तर वहीतले आकडे १८५९ १२७६ असायला हवेत. मग? असू शकतील की. वही यादृच्छिक आहे, त्यामुळे ९३८६ ५५१४ येण्याची शक्यता जेवढी, अगदी तेवढीच १८५९ १२७६ येण्याचीही. ‘पहाटे हल्ला’, ‘रात्री माघार’, ‘दुपारी रसद’, जे म्हणाल ते त्याच आठ आकड्यांत बसतं, आणि कोणतं खरं हे सांगणारा एकही धागा त्या आकड्यांत नाही. शत्रूने जगातली सगळी यंत्रं लावून प्रत्येक वही तपासली, तरी त्याच्या हाती आठ आकड्यांत मावणारे सगळेच्या सगळे निरोप येतील. म्हणजे काहीच येणार नाही. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हे रीतसर सिद्ध केलं आणि १९४९ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

शत्रूला एवढंच कळतं की कोणीतरी, कुठूनतरी, आठ आकडे पाठवले. पण कधीकधी तेवढंही जिवावर बेततं. नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेचे हस्तक काम करत होते. त्यांच्याकडे आधी किल्ली म्हणून पाठ केलेली कविता असे. कवितेतले काही शब्द निवडून त्यावरून अक्षरांची उलथापालथ करायची. ही पद्धत मुळात कच्ची होती, आणि हस्तक पकडला गेला तर छळ करून त्याच्याकडून कविता वदवून घेता येई, मग त्याचे जुने निरोपही वाचता येत. शिवाय फार आखूड निरोप या पद्धतीत धोक्याचा मानला जाई, म्हणून किमान दोनशे अक्षरं पाठवावी लागत. तेवढा वेळ बिनतारी चालू ठेवायची, आणि रस्त्यावर जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या फिरत असायच्या.

एसओईच्या संकेत विभागातल्या लिओ मार्क्स या तरुणाने कवितेऐवजी तयार किल्ल्या रेशमी कापडावर छापून द्यायचा हट्ट धरला. त्यात अक्षरांची वन-टाइम पॅडही आली. रेशीम कोटाच्या अस्तरात शिवता येतं आणि झडतीत चाचपलं तर कागदासारखं कुरकुरत नाही. वापरलेली पट्टी कापून जाळली की हस्तकाला स्वतःलाही जुना निरोप सांगता येत नाही, मग छळणाऱ्याला काय सांगणार? आणि पॅडवर दहा-वीस अक्षरांचा निरोपही दोनशे अक्षरांइतकाच सुरक्षित असतो, म्हणजे हवेत राहण्याचा वेळ घटला. या तिन्ही फायद्यांतला दुसरा मला सर्वांत मोठा वाटतो. डोक्यातली किल्ली माणसाबरोबर पकडली जाते. जळालेली किल्ली कोणाच्याच हाती लागत नाही.

मग आघाडीवरच्या प्रत्येक बटालियनला अशी वही का दिली नाही? उत्तर कंटाळवाणं आहे: कागद पुरत नाही. रशियन वहीच्या एका पानावर पाच-पाच आकड्यांचे साठ गट, म्हणजे तीनशे आकडे असत. एका मुख्यालयाखाली दहा तुकड्या आहेत आणि प्रत्येकीशी रोज नऊ हजार आकड्यांचं दळणवळण आहे असं धरा. प्रत्येकीसाठी रोज तीस पानं, दहांसाठी तीनशे, आणि दोन्ही टोकांना प्रत लागते म्हणून सहाशे. तुकड्यांना आपापसातही बोलायचं असेल तर आणखी पंचेचाळीस जोड्यांच्या वेगळ्या वह्या. ही सगळी पानं मोहिमेआधी छापायची, राखणीत पोहोचवायची, आणि एखादी तुकडी वेढ्यात सापडून वही संपली तर संपली. त्यातून बेरजा-वजाबाक्या करायला लागणारा वेळ वेगळाच. गोळीबारात दोन मिनिटांत तोफा मागवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणूनच चॉक्टॉ आणि नावाहो.

यादृच्छिक आकडे तयार करणंही दिसतं तितकं सोपं नाही. माणसाला मनाला येतील ते आकडे लिहायला सांगितलं, तर तो एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायचं टाळतो, कारण ते त्याला ‘बरं दिसत नाही’. खऱ्या यादृच्छिक रांगेत मात्र सरासरी दर दहापैकी एका ठिकाणी मागचाच आकडा पुन्हा येतो. अशा सवयीचा वास शत्रूला लागला तर सिद्धतेचा पायाच ढासळतो, कारण मग सगळ्या वह्या सारख्याच शक्य राहत नाहीत.

पण या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध घात झाला तो दुसरी अट मोडल्याने. १९४१च्या अखेरीस जर्मन सैन्य मॉस्कोच्या दारात होतं आणि सोव्हिएत संघाची वह्यांची मागणी एकदम वाढली. १९४२च्या सुरुवातीला काही महिने छपाई करणाऱ्यांनी तीच पानं दोनदा छापली. सुमारे पस्तीस हजार पानं अशी जुळी निघाली. ती वेगवेगळ्या वह्यांत, वेगळ्या क्रमाने बांधली गेली आणि वेगवेगळ्या खात्यांकडे गेली, त्यामुळे कोणाच्या लक्षात येणार नाही असा हिशेब असावा.

दोनदा वापरलं तर नेमकं काय बिघडतं? आपलंच पान घ्या. ‘पहाटे’साठी ३४५८ गेले. समजा त्याच पानावर दुसऱ्या ठाण्याने ‘नदी’ हा शब्द पाठवला, कोशात ५२३०. वहीतले ९३८६ मिळवले की ४५१६. आता शत्रूने दोन्ही पकडलेल्या आकड्यांची, तशीच हातचा न घेता, वजाबाकी केली:

```
३४५८ − ४५१६ = ९९४२
४१७२ − ५२३० = ९९४२
```

दोन्ही बाजूंना वही सारखीच मिसळलेली होती, म्हणून वजाबाकीत ती उडाली. उरला तो दोन खऱ्या शब्दांमधला फरक. आता अंदाज तपासता येतो. पहिला शब्द ‘रात्री’, २६०९, असेल तर दुसरा ३७६७ निघतो, आणि कोशात असा शब्दच नाही. ‘पहाटे’ धरून पाहिलं तर दुसरा ५२३० येतो, ‘नदी’. दोन्ही बाजूंना अर्थ लागला की समजायचं, वाट सापडली. मघाशी कोणताही अंदाज बसत होता, आता चुकीचे अंदाज स्वतःहून गळून पडतात.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन हॉल इथे फेब्रुवारी १९४३ मध्ये या रशियन तारांवर काम सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिचर्ड हॅलक याने व्यापारी खात्याच्या हजारो तारांची सुरुवात एकमेकींशी ताडून पाहिली, तेव्हा काही जोड्यांमध्ये एकच पान वापरलं गेल्याच्या खुणा दिसल्या. व्यापारी तारा ठराविक साच्यातल्या असतात, म्हणून सुरुवात तिथून. कोश त्यांच्याजवळ नव्हता. तो आधी एकेक शब्द करून बांधावा लागला आणि त्यात वर्षं गेली. ‘व्हेनोना’ नावाने ओळखलं गेलेलं हे काम १९८० पर्यंत चाललं. तोपर्यंत सुमारे तीन हजार तारा पूर्ण किंवा अर्ध्यामुर्ध्या वाचल्या गेल्या होत्या, आणि त्यातून अमेरिकेतल्या सोव्हिएत हेरांची नावं बाहेर आली.

पकडलेल्या तारांची संख्या याच्या कितीतरी पट होती. ज्या तारांची पानं जुळी नव्हती, त्यांच्यावर इतकी वर्षं डोकं चालवूनही काही हाती लागलं नाही, आणि त्या आजही तशाच बंद आहेत.